दोन गोट्या कुठे गेल्या? गिरणारे भागातल्या एका टोमॅटो प्लॉटची केस

माझे मामा नाशिकच्या पश्चिमेला, गिरणारे भागात शेती करतात. एक एकर पावसाळी टोमॅटो, दोन एकर उन्हाळ कांदा, थोडा भाजीपाला. मी नाशिकमध्ये एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि जूनच्या सुट्टीत दरवर्षी चार दिवस त्यांच्याकडे जाते. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांच्या ओसरीवर जे घडलं, ती ही केस.

टोमॅटोची रोपं ठरवायची वेळ होती. मामा ज्या नर्सरीतून रोपं आणतात तिथल्या माणसानं एक नवी व्हरायटी पुढे केली. तो प्रामाणिक माणूस आहे. त्यानं सरळ सांगितलं, "दादा, आपल्या भागात अजून कुणी लावली नाही. जमली तर तुमच्या जुन्या मालाइतकीच येईल, बिघडली तर तीही तशीच बिघडेल. पहिल्या वर्षी रोपांचे पैसे घेत नाही, लावून बघा." एकरी सहा हजार रोपं, रोपाला दीड रुपया, म्हणजे नऊ हजार रुपये वाचत होते. मामांनी चहा संपवला आणि नाही म्हणाले.

नर्सरीवाला गेल्यावर माझ्या मामेभावानं, जो त्यांच्यासोबतच शेती बघतो, वैतागून म्हटलं, "बाबा धोका घ्यायलाच तयार नसतात." हेच वाक्य मी कृषी विस्ताराच्या बैठकांतही ऐकलेलं आहे: शेतकरी धोका घेत नाही, म्हणून नवं काही लावत नाही. माझं म्हणणं असं की या केसमध्ये हे निदान चुकीचं आहे. आणि निदान चुकलं की औषधही चुकतं, जसं इथे फुकट रोपांचं चुकलं.

मामा धोका घेतात, दरवर्षी घेतात

आधी त्यांच्या जुन्या व्हरायटीचा हिशेब बघू. मामा वही ठेवतात. गेल्या दहा पावसाळी हंगामांपैकी पाच चांगले गेले, पाच वाईट. चांगल्या वर्षी एकरी पंधराशे क्रेटच्या आसपास, वाईट वर्षी सातशेच्या आसपास. क्रेट म्हणजे वीस किलो. वाईट वर्षाची कारणंही वहीत आहेत: ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस लागून राहिला की करपा येतो, मध्येच उघडीप मिळाली की पांढरी माशी वाढते आणि तिच्यामागून व्हायरस येतो. खरं उत्पादन अर्थातच दोन आकड्यांत बसत नाही, पण हिशेबासाठी पंधराशे आणि सातशे धरू. सरासरी अकराशे.

म्हणजे जुनी व्हरायटी लावणं हासुद्धा नाणेफेकीसारखा जुगारच आहे. त्यावर मामा बांबू, तार, मल्चिंग, फवारण्या, बांधणीची मजुरी असा खर्च आधी ओततात. ज्याला धोका सहनच होत नाही असा माणूस टोमॅटोच्या वाटेला जात नाही.

आता नवी व्हरायटी. निकाल तेच दोन: जमली तर पंधराशे, बिघडली तर सातशे. फक्त दहा वर्षांपैकी किती वर्षं जमेल हे कुणाला माहीत नाही. पाच असतील, तीन असतील, सात असतील. एका बाजूला झुकायला काही आधार नसेल तर मध्यावर, पाचावर, धरण्याशिवाय इलाज नाही. तसं धरलं की सरासरी पुन्हा अकराशेच. वर नऊ हजार रुपये वाचतात.

जोखीम नकोशी वाटणं आणि संदिग्धता नकोशी वाटणं या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. जोखीम म्हणजे निकाल माहीत नाही, पण निकालाची शक्यता माहीत आहे. संदिग्धता म्हणजे ती शक्यताच माहीत नाही. जोखीम टाळणारा माणूस सरासरी तीच असताना चढ-उतार कमी असलेला पर्याय घेतो. पण इथे दोन्ही पर्यायांत चढ-उतार सारखेच आहेत, वर पंधराशे, खाली सातशे. जोखमीची भीती कितीही मोठी असली तरी ती दोन्हीकडे सारखीच लागू होते, त्यामुळे एकाला नाकारून दुसरा घ्यायला ती कारण ठरत नाही. मामांच्या नकारामागे दुसरं काही तरी असलं पाहिजे.

नकाराची किंमतही काढता येते. क्रेटला दीडशे रुपये भाव धरला तर नऊ हजार म्हणजे साठ क्रेट. चांगल्या आणि वाईट हंगामातला फरक आठशे क्रेटचा. साठ भागिले आठशे, साडेसात टक्के. पन्नासातून ते वजा केले की उरतात साडेबेचाळीस. म्हणजे नवी व्हरायटी जमण्याची शक्यता साडेबेचाळीस टक्क्यांहूनही कमी आहे असं धरलं, तरच फुकट रोपं नाकारणं हिशेबात बसतं. हा ढोबळ आकडा आहे. पण तो लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटेल.

एका नकारानं काही सिद्ध होत नाही

मामेभाऊ म्हणाला, "मग साधं आहे. बाबांना वाटतं की नवी व्हरायटी वाईट आहे. त्यात एवढं काय?" त्याचा मुद्दा बिनतोड होता. मामांच्या मनात नव्या व्हरायटीला शंभरात चाळीसच गुण असतील, तर तिला नाकारणं हा नेहमीचा हिशेबीपणा झाला. 2020 च्या उन्हाळ्यात नगर-साताऱ्याकडे टोमॅटोवर पिवळे-हिरवे-लाल चट्टे पडून माल फेकायची वेळ आली होती. लोक त्याला तिरंगा व्हायरस म्हणत होते आणि कित्येकांनी पहिला संशय बियाण्यावरच घेतला होता. असं ऐकलेल्या माणसाचं मत नव्या रोपाबद्दल वाईट असेल तर त्यात गैर काही नाही.

हा प्रश्न सोडवायची युक्ती अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी 1961 मध्ये दाखवली. (पुढे 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वर्तमानपत्रांकडे पोहोचवणारे एल्सबर्ग ते हेच.) युक्ती अशी: माणसाला अज्ञात गोष्टीच्या एका बाजूवर पैज लावायला सांगा, आणि मग उलट बाजूवरही. मत खरोखर वाईट असेल तर उलट बाजूची पैज त्याला आवडलीच पाहिजे.

मी मामांपुढे तीन पैजा ठेवल्या. प्रत्येकीत जिंकलं तर माझ्याकडून हजार रुपये, हरलं तर काही नाही. पहिली: शेजारच्या शेतातली जुनी व्हरायटी यंदा एकरी अकराशे क्रेटच्या वर जाते. दुसरी: नर्सरीवाला स्वतःच्या प्लॉटवर नवी व्हरायटी लावणार आहे, ती अकराशेच्या वर जाते. तिसरी: ती अकराशेच्या वर जात नाही. शेजारचं शेत मुद्दाम घेतलं, कारण स्वतःच्या शेतावर मामांचा हात असतो आणि मग पैज निव्वळ नशिबाची राहत नाही.

पहिली की दुसरी? मामा म्हणाले, पहिली. अपेक्षितच होतं. मग मी विचारलं, पहिली की तिसरी? मामेभाऊ पुढे सरकून बसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता मामांनी तिसरी घ्यायला हवी होती. नवी व्हरायटी बिघडणार असं वाटत असेल, तर तिच्या बिघडण्यावर हजार रुपये लावायची ही सोन्यासारखी संधी. मामांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "पहिलीच. त्या नव्याचं काय सांगावं, येईलसुद्धा भरपूर."

या उत्तरात सगळी केस आहे. जुनी व्हरायटी जमण्याची शक्यता मामांच्या वहीप्रमाणे निम्मी. पहिली पैज दुसरीपेक्षा बरी, म्हणजे नवी जमण्याची शक्यता त्यांच्या वागण्यात निम्म्याहून कमी. पहिली तिसरीपेक्षाही बरी, म्हणजे नवी न जमण्याची शक्यताही निम्म्याहून कमी. पण नवी एक तर जमेल नाही तर जमणार नाही, तिसरं काही नाही. दोन्ही शक्यतांची बेरीज शंभर टक्के यायला हवी आणि ती येत नाही. मामांच्या मनात नव्या व्हरायटीची शक्यता किती, याला उत्तर देणारा असा एकच आकडा नाहीच. 1954 मध्ये लिओनार्ड सॅव्हेज यांनी विवेकी निर्णयाचे जे नियम मांडले, त्यांत असा आकडा असतोच असं निघतं. एल्सबर्ग यांचा रोख त्याच नियमांवर होता.

ओसरीवरच्या दोन पिशव्या

पैजेचा निकाल लागायला चार महिने होते. मला मामांचा कल किती आहे ते मोजायचं होतं, म्हणून संध्याकाळी गोट्या काढल्या. एका कापडी पिशवीत मामांच्या डोळ्यांदेखत पाच लाल आणि पाच काळ्या टाकल्या. दुसऱ्या पिशवीत दहा गोट्या, पण लाल किती आणि काळ्या किती हे मामेभावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं आतल्या खोलीत एकटीनं ठरवलं. मी स्वतः भरली असती तर मामांना वाटलं असतं की मी मुद्दाम त्यांच्या विरोधात भरली, आणि मग जे मोजलं जाईल तो अविश्वास असेल, संदिग्धतेची नावड नाही. त्याच कारणासाठी रंग मामांनीच निवडायचा, असं ठरवलं. पिशवीत हात घालून निवडलेल्या रंगाची गोटी निघाली तर हजार रुपये.

आता त्यांना विचारलं: ही खेळायची संधी तुमची आहे, ती किती रुपयांना मला विकाल? नुसतं विचारलं तर माणूस घासाघीस करतो आणि मनातला आकडा कळत नाही. म्हणून पन्नास रुपयांपासून हजार रुपयांपर्यंत पन्नास-पन्नासच्या टप्प्यानं वीस चिठ्ठ्या केल्या. मामांनी आपला आकडा कागदावर लिहायचा. मग मी एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठी त्यांच्या आकड्याइतकी किंवा जास्त निघाली तर त्यांना चिठ्ठीवरचे पैसे मिळणार, कमी निघाली तर ते गोटी काढणार. या पद्धतीत आकडा फुगवून किंवा पाडून काही फायदा होत नाही, कारण मिळणारी रक्कम चिठ्ठी ठरवते, तुमचा आकडा नाही. पैसे खरे होते, माझ्या पगारातले. खोट्या पैशांवर लोक धीट उत्तरं देतात.

माहीत असलेल्या पिशवीला मामांनी चारशे लिहिले. सरासरी मिळकत पाचशेची, म्हणजे चढ-उतार टाळायला ते शंभर रुपये सोडायला तयार होते. ही त्यांची जोखमीची नावड, रुपयांत मोजलेली. अगदी साधारण आहे.

अज्ञात पिशवीला तीनशे लिहिले. आणखी शंभर कमी. हे दुसरे शंभर जोखमीचे नाहीत, कारण जोखमीचे पहिल्या पिशवीतच कापून झाले होते. हे शक्यता ठाऊक नसल्याचे. मग मी विचारलं, रंग बदलून देते, काळ्यावर लावा, आता किती? पुन्हा तीनशे.

तीनशेचा अर्थ गोट्यांत करून बघितला. ज्या माणसाला दहात पाच गोट्यांची संधी चारशेची वाटते, त्याला तीनशेची संधी म्हणजे दहात साधारण चार गोट्या. लालवर लावताना मामा पिशवीत चारच लाल आहेत असं वागतात, काळ्यावर लावताना चारच काळ्या आहेत असं. चार आणि चार आठ. पिशवीत गोट्या दहा. दोन गोट्या कुठे गेल्या, हा या विषयाचा गाभा आहे.

त्याचं एक उत्तर गिल्बोआ आणि श्मायडलर यांनी 1989 मध्ये दिलं. त्यांच्या मांडणीत माणूस एक शक्यता धरत नाही, शक्यतांचा एक पट्टा धरतो. इथे चाळीस ते साठ टक्के. आणि प्रत्येक पर्याय तोलताना त्या पट्ट्यातलं आपल्याला सर्वांत वाईट असेल ते टोक धरतो. लालवर लावलं तर लाल चाळीस टक्के, काळ्यावर लावलं तर काळ्या चाळीस टक्के. उरलेल्या दोन गोट्या पट्ट्याच्या रुंदीत आहेत. मामांचा टोमॅटोचा नकार साडेबेचाळीस टक्क्यांच्या खाली होता, तो याच पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ. एका माणसाच्या दोन मोजमापांचं इतकं जुळणं योगायोगही असू शकतो, त्यावर मी फार भार टाकत नाही. पण दिशा एकच आहे.

नाण्याचा प्रयोगही करून पाहिला. हॉवर्ड रायफा यांनी 1961 मध्येच एल्सबर्ग यांना उत्तर देताना हा मुद्दा मांडला होता. रंग निवडायला नाणं उडवा, छापा आला तर लाल, काटा आला तर काळा. आता पिशवीत काहीही असो, सगळ्या लाल असोत की सगळ्या काळ्या, जिंकायची शक्यता बरोबर निम्मी होते. संदिग्धता पुसली जाते. मी हे मामांना गोट्या मांडून दाखवलं. त्यांना पटलं, मान हलवली, पुन्हा आकडा लिहिला: साडेतीनशे. चारशे नाही. पटल्यानंतरही पन्नास रुपयांची अढी राहिली.

पण हा उपाय शेतात चालत नाही, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. पिशवीत दोन्ही रंगांवर पैज लावता येते. नव्या व्हरायटीच्या बिघडण्यावर पैज लावणारा बाजार गिरणाऱ्यात नाही. शेतकऱ्याला एकच बाजू उपलब्ध असते, ती लावण्याची. म्हणून शेतातल्या नकारात वाईट मत किती आणि संदिग्धतेची नावड किती हे बाहेरून कधीच दिसत नाही. मी तीन पैजा ठेवल्या म्हणून दिसलं.

मग कांदा चाळीत कसा ठेवतात?

इथे मामेभावानं माझ्यावरच प्रश्न टाकला. "बाबा मे महिन्यात कांदा चाळीत भरतात आणि सप्टेंबरपर्यंत थांबतात. तेव्हाच्या भावाची शक्यता कुणाला माहीत असते?"

खरं आहे. कांद्याचा भाव म्हणजे मामांच्या आयुष्यातली सर्वांत अज्ञात पिशवी. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि 2024 च्या मेमध्ये ती उघडली. हे कुठल्या वहीतून कळणार होतं? वर चाळीत माल घटतो, सडतो, कोंब फुटतात. तरीही मामा थांबतात, आणि आनंदानं थांबतात.

याचं उत्तर चिप हीथ आणि एमोस ट्वर्स्की यांच्या 1991 च्या अभ्यासात सापडतं. ज्या विषयात आपल्याला कळतं असं माणसाला वाटतं, तिथे तो शक्यता अंधूक असूनही स्वतःच्या अंदाजावर पैज लावतो, आणि तेवढ्याच शक्यतेची सरळ सोडतसुद्धा त्यापुढे नाकारतो. मामा रोज लासलगाव आणि पिंपळगावचे भाव बघतात, कोणत्या राज्यात नवा कांदा कधी येतो याचा अंदाज बांधतात, चाळीतला कांदा हातात घेऊन पारखतात. भावाची शक्यता त्यांना ठाऊक नाही, पण तो विषय आपला आहे ही भावना पक्की आहे. नव्या टोमॅटोबद्दल ती नाही, आणि तिथे नर्सरीवाल्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं हेही त्यांना जाणवतं.

म्हणजे संदिग्धता सगळीकडे सारखी टोचत नाही. ती टोचते तेव्हा शेजारी काहीतरी जास्त ओळखीचं ठेवलेलं असतं. क्रेग फॉक्स आणि ट्वर्स्की यांनी 1995 मध्ये हे मोजलं. 100 डॉलरच्या बक्षिसाच्या दोन पिशव्या एकाच माणसापुढे ठेवल्या तर लोक माहीत असलेलीला सरासरी 24 डॉलर आणि अज्ञात असलेलीला 15 डॉलर द्यायला तयार होते. वेगवेगळ्या लोकांना एकेकच पिशवी दाखवली तेव्हा दोन्हींची किंमत 18 डॉलरच्या आसपास आली, फरक जवळजवळ नाहीसा झाला. कांद्याच्या बाबतीत मामांपुढे दुसरी, ओळखीची पिशवी नसतेच. टोमॅटोत दहा वर्षांची वही मांडीवर उघडी असते.

एक गोष्ट मामी बोलल्या ती मी विसरले नाही. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "जुनी व्हरायटी गेली तर लोक पावसाला बोल लावतात. नवी गेली तर ह्यांना लावतील." कर्ली, येट्स आणि अब्राम्स यांनी 1986 मध्ये लोक संदिग्धता का टाळतात याची निरनिराळी कारणं तपासून पाहिली. त्यांत ठळकपणे टिकलं ते हेच: निवड आणि निकाल इतरांसमोर उघड होणार असेल तर माणूस अज्ञात पर्याय आणखी टाळतो. गावात कुणाचं शेत झाकलेलं नसतं. माझा गोट्यांचा खेळसुद्धा भरल्या ओसरीवर चालला होता. एकांतात मामांनी तीनशेऐवजी साडेतीनशे लिहिले असते का, हे मी तपासायला हवं होतं. राहून गेलं.

आणि हे सगळं मोठ्या, निम्म्याच्या आसपासच्या शक्यतांना लागू आहे. दुसऱ्या दिवशी मी दहा रंगांच्या दहा गोट्या घेतल्या. एका पिशवीत प्रत्येक रंगाची एक, दुसरीत नातीनं आपल्या मर्जीनं भरलेल्या. एका रंगावर पैज. मामांनी अज्ञात पिशवी घेतली. "एकच आहे हे ठाऊक असण्यापेक्षा, काय सांगावं, तीन-चार असतील." जिंकण्याची शक्यता लहान असली की लोक अज्ञाताकडे झुकतात, असं प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. म्हणून मामांवर 'संदिग्धता टाळणारा माणूस' असा कायमचा शिक्का मारता येत नाही.

औषध काय दिलं

नकार जोखमीचा असता तर खालचा निकाल उचलून धरणं हा उपाय होता. माल बिघडला तर इतके रुपये भरपाई, असं काही. पण जिची भरपाई कधी आणि किती मिळेल हेच शेतकऱ्याला उमगत नाही अशी योजना त्याच्यापुढे ठेवली, तर ती स्वतःच आणखी एक अज्ञात पिशवी होते. फुकट रोपांनी नव्या पर्यायाची किंमत नऊ हजारांनी घटली, पण मामांच्या मनातला पट्टा एक टक्काही अरुंद झाला नाही.

आम्ही पट्टा अरुंद करायच्या मागे लागलो. मामेभावानं सुचवलं की फक्त चार सऱ्या नव्या लावू, साधारण एकराचा दहावा भाग, आणि त्यांना लागून चार सऱ्या जुन्या मोजणीसाठी वेगळ्या धरू. शेजारी-शेजारी असण्याला कारण आहे. एका हंगामातून नवी व्हरायटी दहापैकी किती वर्षं जमेल हे कळत नाही, कारण तो हंगाम कसा निघेल हेच नशिबावर असतं. पण तोच पाऊस, तीच माती, तीच फवारणी दोघींना मिळाली तर नवी जुनीच्या तुलनेत कुठे उभी राहते हे कळतं. आणि जुनीची दहा वर्षांची वही आपल्याकडे आहेच. अज्ञात पिशवी ओळखीच्या पिशवीला बांधून टाकायची ही रीत आहे. एक पथ्य पाळलं: नव्या सऱ्या शेताच्या कडेला न लावता मधोमध लावल्या. कडेच्या ओळींना ऊन-वारा वेगळा मिळतो, पांढरी माशी बाहेरून येताना आधी तिथे बसते, आणि मग दोष व्हरायटीचा की जागेचा हे सांगता येत नाही.

चार सऱ्यांना मामा लगेच हो म्हणाले. रोपांचे पैसे नर्सरीवाल्याला त्यांनी दिले, फुकट घेतली नाहीत.

हंगाम मध्यम-वाईटाकडे झुकला. जुन्या चार सऱ्यांतून सगळ्या तोड्यांचे मिळून नव्वद क्रेट निघाले, नव्या चारांतून एकशे पाच. व्हायरसची झाडं नव्यात कमी दिसली. पण शेवटच्या तीन तोड्यांत नव्याचं फळ मऊ पडत होतं आणि व्यापाऱ्यानं त्या क्रेटना भाव कमी दिला. म्हणजे निर्विवाद विजय कुणाचाच नाही. मामांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, नव्या पानावर, व्हरायटीचं नाव वर टाकून.

इथे मला उलट बाजूचा एक दाखला ठेवावासा वाटतो, कारण 'नवं म्हणजे संदिग्ध' हे समीकरण पक्कं नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या मका-सोयाबीन शेतकऱ्यांवर ब्रॅडफर्ड बार्हम आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संदिग्धता जास्त टाळणाऱ्यांनी जनुकीय बदल केलेला मका इतरांपेक्षा लवकर स्वीकारला होता. कीड किती येईल आणि किती खाईल ही त्यांची अज्ञात पिशवी होती, आणि नवं बियाणं ती पिशवी बंद करत होतं. जोखमीच्या नावडीचा त्या निर्णयावर फारसा परिणाम दिसला नाही. मामांच्या भागात उद्या व्हायरसचा प्रादुर्भाव अनोळखी आणि बेभरवशाचा झाला, तर दहा वर्षांची वही जुनी पडेल आणि जुनी व्हरायटीच अज्ञात पिशवी होईल.

यंदा मेमध्ये मी पुन्हा गेले तेव्हा गोट्या सोबत नेल्या. तोच खेळ, त्याच चिठ्ठ्या, तीच ओसरी. माहीत असलेल्या पिशवीला मामांनी चारशे लिहिले, अज्ञात पिशवीला तीनशे. वर्षभरात त्यात काही फरक पडला नव्हता. मग मी विचारलं, नवी व्हरायटी यंदा शेजारच्या शेतात अकराशेच्या वर गेली तर हजार रुपये, ही संधी कितीला विकाल? मामांनी आत जाऊन वही आणली, नवं पान उघडलं, मऊ पडलेल्या फळांच्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ बसले, आणि चारशे लिहिले. यंदा अर्धा एकर नवी आहे.